नोव्हेशन, रिसिशन आणि फुल अँड फायनल: जुना करार नक्की कधी संपतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काम पूर्ण झालं नाही, पैसे पूर्ण दिले नाहीत, तरी करार संपू शकतो का?

हो, आणि रोज संपतात. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 मधलं कलम 62 आणि 63 बघा. 62 म्हणतं की दोन्ही बाजूंनी मिळून जुन्या कराराच्या जागी नवा आणला (नोव्हेशन), किंवा जुना रद्दच केला (रिसिशन), किंवा त्यात बदल केला, तर जुना करार होता तसाच पाळायची गरज नाही. 63 म्हणतं की ज्याला घेणं आहे त्याने ठरवलं तर तो ते सोडू शकतो, कमी घेऊ शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा पैशाच्या बदल्यात दुसरंच काही स्वीकारून हिशोब मिटवू शकतो. ह्यातलं शेवटचं म्हणजे वकील मंडळी ज्याला अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शन म्हणतात ते, म्हणजे आधी तडजोड ठरली आणि मग ठरलेलं प्रत्यक्षात हातात पडलं.

आता खरी गोम अशी की भांडणं ह्या व्याख्यांवरून होत नाहीत, भांडण होतं ते वेळेवरून. तडजोडीच्या कागदावर सही झाली त्या क्षणी जुना करार मेला, की तडजोडीतले पैसे पूर्ण मिळाल्यावर मरणार होता? नवा करार मधेच मोडला तर तुम्ही जुन्याकडे परत जाऊ शकता का? खालचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून ह्याच एका जागी येतात.

नोव्हेशन म्हणजे काय, सोप्यात सांगा ना

जुना करार पूर्ण बाजूला आणि त्याच्या जागी नवीन करार. एकतर माणसं तीच आणि व्यवहार नवा, किंवा व्यवहार तोच आणि माणूस नवा. माणूस बदलतो तेव्हा तिघांचीही संमती लागते, आणि लोक इथेच अडकतात. कायद्यातच ह्याचं उदाहरण दिलंय: अ ला ब चे 1000 रुपये द्यायचेत, ब ला क चे 1000 द्यायचेत, ब ने अ ला सांगितलं की माझे पैसे परस्पर क ला देऊन टाक, पण क ह्याला हो म्हणालाच नाही. तर ब अजूनही क चा देणेकरीच आहे, नवा करार झालाच नाही.

व्यवहारात हे कसं दिसतं तर, भागीदारी फर्ममधून एक भागीदार बाहेर पडतो, उरलेले दोघं लिहून देतात की सगळी देणी आम्ही भागवू, बाहेर पडलेला निवांत होतो, आणि दोन वर्षांनी सप्लायरची नोटीस त्याच्याच घरी येते. सप्लायरने कुठे मान्य केलं होतं की मी आता फक्त ह्या दोघांकडेच बघेन? भागीदारांनी आपसात काय ठरवलं हे त्यांच्यापुरतं, सप्लायरच्या संमतीशिवाय जुना माणूस सुटत नाही. ही संमती वागण्यातूनही दिसू शकते, म्हणजे सप्लायरने नंतर नव्या फर्मच्या नावाने खातं उघडलं, बाकी तिकडे फिरवली वगैरे, पण ते शाबीत करत बसण्यापेक्षा तीन सह्यांचा एक कागद केलेला केव्हाही बरा.

हप्त्याची तारीख पुढे ढकलली किंवा रेट थोडा वाढवून दिला तर ते नोव्हेशन झालं का?

नाही, तो फक्त बदल झाला. जुना करार जिवंतच राहतो, त्यातलं एखादं कलम बदलतं. बदल कराराच्या मुळापर्यंत गेला आणि दोन्ही कागद एकत्र नांदूच शकत नसतील, तर मग नव्या कराराने जुन्याची जागा घेतली असं म्हणता येतं. आणि नुसती मुदत वाढवून देणं तर त्याहून हलकं, ते कलम 63 मधे येतं आणि त्यासाठी समोरच्याने बदल्यात काही द्यावं लागत नाही.

नवा कागद केला की जुना आपोआप गेला असं नसतं एवढं लक्षात ठेवा. कागदावर "सप्लिमेंटरी ॲग्रीमेंट" लिहिलंय की "फ्रेश ॲग्रीमेंट" ह्याने थोडाफार फरक पडतो, पण कोर्ट आत काय लिहिलंय ते वाचतं.

बिल्डरने फ्लॅटऐवजी पैसे देतो असा दुसरा करार केला आणि पैसेही दिले नाहीत. आता फ्लॅटचा हक्क गेला का?

ह्यावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे जो प्रत्येक फ्लॅटवाल्याने माहीत करून घ्यावा, लता कन्स्ट्रक्शनची केस, 2000 च्या रिपोर्टमधली. 1987 साली फ्लॅटचा करार झाला, फ्लॅट मिळाला नाही. 1991 मधे दुसरा करार झाला की फ्लॅटच्या बदल्यात बिल्डर 9,51,000 रुपये देईल. तेही दिले नाहीत. ग्राहक तक्रारीत गेल्यावर बिल्डरचं म्हणणं असं की दुसरा करार झाला तेव्हाच पहिला संपला, आता पहिल्याच्या नावाने तुम्ही काही मागू शकत नाही.

कोर्टाने ते मानलं नाही. का? कारण पहिल्या करारातले हक्क दुसऱ्या कराराने मारलेलेच नव्हते, ते शाबूत ठेवलेले होते आणि गरज पडली तर मागे वळून पहिल्याकडे जायची वाट उघडी होती. कोर्टाचं म्हणणं, नोव्हेशन म्हणायचं तर जुन्याच्या जागी नवा पूर्णपणे यायला हवा, अर्धवट नाही. 

पण ह्याची उलटी बाजू पण बघा. त्या दुसऱ्या करारात जर असं लिहिलेलं असतं की "आजपासून पहिला करार रद्द समजावा आणि त्याखालचे सर्व हक्क संपुष्टात आले", तर तोच माणूस फक्त 9,51,000 आणि व्याज एवढंच मागू शकला असता, फ्लॅट विसरा. म्हणजे सगळं एका वाक्यावर! आणि ते वाक्य बहुतेक वेळा बिल्डरच्या वकिलाने ड्राफ्ट केलेलं असतं आणि आपण रजिस्ट्रारच्या ऑफिसात टोकन नंबर पुकारायची वाट बघत सही करत असतो.

अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शन आणि नोव्हेशन ह्यात फरक काय मग?

नोव्हेशनमधे नव्या वचनाने जुना करार संपतो. अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शनमधे साधारणपणे नवं वचन पाळल्यावर संपतो. नुसती तडजोड ठरली म्हणजे अकॉर्ड, ती पाळली गेली म्हणजे सॅटिस्फॅक्शन, आणि दोन्ही झाल्याशिवाय जुनं देणं जात नाही. अपवाद एवढाच की घेणेकऱ्याने "तुझं नुसतं वचनच मला पुरे, त्या बदल्यात जुनं सोडलं" असं कबूल केलं असेल तर वचन दिल्याक्षणीच जुनं गेलं, आणि मग ते जवळजवळ नोव्हेशनच झालं. सुप्रीम कोर्टाने 1959 मधे किशोरीलाल गुप्ता केसमधे ह्या दोन प्रकारांवर बरंच लिहिलंय.

लाखाच्या जागी साठ हजार घेतले आणि "मिटलं" म्हणून लिहून दिलं. नंतर उरलेले चाळीस मागता येतात का?

भारतात साधारणपणे नाही. इंग्लंडमधे गंमत वेगळी आहे. तिकडे 1602 च्या पिनेल केसपासूनचा नियम असा की ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे देऊन पूर्ण कर्ज फिटत नाही, कारण उरलेलं सोडायला घेणेकऱ्याला बदल्यात काहीच मिळालेलं नसतं. पण पैशाऐवजी घोडा किंवा झगा दिला तर चालतं, कारण तो कदाचित त्याला जास्त मोलाचा वाटत असेल! 1884 मधे हाउस ऑफ लॉर्ड्सने फोक्स विरुद्ध बीअर केसमधे हाच नियम पुन्हा पक्का केला. तेव्हा लंडन-लेस्टरला धंदा करणाऱ्या आपल्या लोकांनी इथला अनुभव तिकडे लावू नये.

आपल्याकडे कलम 63 ने हे मुद्दाम वेगळं ठेवलंय. कायद्यातलंच उदाहरण: 5000 चं देणं, घेणेकऱ्याने 2000 पूर्ण हिशोबापोटी स्वीकारले, सगळं देणं संपलं. तिसऱ्याच माणसाने 1000 दिले आणि घेणेकऱ्याने ते पूर्ण हिशोबापोटी घेतले तरीही संपलं.

ह्यावरची नावाजलेली केस म्हणजे लाला कपूरचंद गोधा, 1963 च्या रिपोर्टमधली. जवाहिऱ्यांनी निजामाच्या थोरल्या मुलाला, प्रिन्स ऑफ बेरारला, दागिने विकले होते, व्याजासकट बाकी 27 लाखांच्या वर गेली. हैदराबाद भारतात आल्यावर राजपुत्रांची कर्जं मिटवायला कमिटी बसली, तिने 20 लाख ठरवले, जवाहिऱ्यांनी ते दोन टप्प्यांत घेतले, पूर्ण हिशोब मिटला असं लिहूनही दिलं आणि नंतर वरच्या सात लाखांसाठी दावा लावला. हरले. कोर्ट म्हणालं, तिसऱ्याने दिलेले पैसे पूर्ण फेड म्हणून घेतलेत ना, मग झालं. आता त्या काळात वीस लाख समोर दिसत असताना सात लाखांसाठी अडून बसणं कोणाला जमलं असतं हा प्रश्न वेगळा.

एक पूर्ण उदाहरण आकड्यांसकट द्या, नुसत्या केसेसनी डोकं फिरतं

घ्या. हे बनवलेलं उदाहरण आहे पण एमआयडीसीत असलं वर्षाला पन्नास वेळा होतं. भोसरीचा एक फॅब्रिकेटर, एका कंपनीच्या शेडचं काम केलं, बिलातले 8,40,000 बाकी. कंपनी म्हणते पत्रे गळतात, काम उशिरा झालं, आम्ही एवढे देणार नाही. शेवटी 6,00,000 वर तोडपाणी झालं, दोन-दोन लाखांचे तीन हप्ते, तीन पुढच्या तारखांचे चेक. पहिला वठला, दुसरा वठला, तिसरा बाउन्स. आता फॅब्रिकेटर किती मागू शकतो?

कागदात असं असेल तर: "कंपनीने दिलेल्या 6,00,000 च्या वचनाच्या मोबदल्यात बिलाचा सर्व हिशोब आजच मिटला असून कोणाचंही काही येणं राहिलेलं नाही." मग बिल त्या दिवशीच गेलं. उरलेले 2,00,000 आणि त्यावरचं व्याज, बस.

कागदात असं असेल तर: "तिन्ही चेक वठल्यावरच हिशोब मिटला असं समजलं जाईल, एकही चेक न वठल्यास मूळ बिलाची बाकी, मिळालेली रक्कम वजा करून, देय राहील." मग 8,40,000 मधून मिळालेले 4,00,000 गेले, मागणी 4,40,000 ची. एका वाक्याने 2,40,000 चा फरक.

पण थांबा, दुसरं वाक्य फॅब्रिकेटरसाठी सगळीकडून फायद्याचं आहे असं अजिबात नाही आणि हे लोकांना सांगावं लागतं. मूळ बिल जिवंत झालं की कंपनीचं गळक्या पत्र्यांचं रडगाणंही जिवंत होतं. 4,40,000 च्या दाव्यात कंपनी परत म्हणणार की काम खराब होतं, एक्स्पर्ट बोलवा, पंचनामा करा, चाला चार वर्षं. उलट पहिल्या वाक्यात 2,00,000 ला कंपनीकडे सांगायला काहीच नाही, मान्य केलेली रक्कम, सही, चेक, सगळं स्वच्छ. म्हणून तुमचं काम खरंच खणखणीत असेल, मोजमाप पुस्तक आणि कंप्लिशन सर्टिफिकेट हातात असेल तर दुसरं वाक्य घ्या, तुमच्या कामातच थोडी खोट असेल तर पहिलं वाक्य काही वाईट नाही.

तिसरा मार्ग पण आहे, मला तोच बरा वाटतो: तडजोडीतच मूळ रक्कम कबूल करून घ्यायची. "कंपनी 8,40,000 ची बाकी कोणत्याही तक्रारीशिवाय मान्य करते, 6,00,000 वेळेवर दिल्यास उरलेले 2,40,000 माफ." आता हप्ता चुकला तर माफीच मिळत नाही आणि पत्र्यांचा विषयही बंद झालेला असतो. कंपनी ह्याला सहजी तयार होत नाही हे खरं, पण विचारायला काय जातं.

आणि मुदतीकडे लक्ष. बिलाच्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. नवा करार झाला असेल तर नव्या हप्त्याच्या तारखेपासून नवी मुदत मोजतात. पण जुनंच बिल जिवंत ठेवलं असेल तर त्याचं घड्याळ चालूच असतं, मात्र तीन वर्षं संपायच्या आत समोरच्याने देणं सही करून मान्य केलं असेल तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. म्हणून वरच्या कबुलीच्या वाक्याचा हा दुसरा फायदा.

चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 ची गाडी वेगळी चालते: बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे नाही आले तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार. दिवाणी हिशोब काय ठरायचा तो ठरू दे, ह्या तारखा चुकवू नका.

कागदात काहीच लिहिलं नव्हतं, फक्त व्हॉट्सॲपवर "6 लाखात फायनल" असं ठरलं. मग?

मग दोघांना नक्की काय म्हणायचं होतं हे कोर्ट आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवणार. जुना करार संपला असं जो म्हणतो, त्यालाच ते शाबीत करावं लागतं, म्हणजे इथे कंपनीला. शाबीत नाही झालं तर पैसे पूर्ण मिळाल्यावरच मिटायचं होतं ह्या बाजूने कौल जायची शक्यता जास्त. पण ते "फायनल" म्हणणारे मेसेज, त्यावरचा तुमचा अंगठा, "ठीक आहे शेठ मिटलं" वगैरे, सगळं पुढे येतं हं.

एक अडचण अजून. मूळ करार रजिस्टर झालेला असेल किंवा कायद्यानेच तो लेखी असणं सक्तीचं असेल, तर तो तोंडी बोलण्याने रद्द केला किंवा बदलला असं सांगायचा पुरावाच चालत नाही. एव्हिडन्स ॲक्टचं जुनं कलम 92, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 95. साध्या लेखी वर्क ऑर्डरला ही आडकाठी नाही, नंतरचं तोंडी ठरलेलं तिथे सांगता येतं, पण फ्लॅटच्या रजिस्टर ॲग्रीमेंटला आहे. म्हणजे साइट ऑफिसमधे बिल्डर म्हणाला "तुमचं कॅन्सल केलं मी", तर काहीही कॅन्सल झालेलं नाही.

समोरच्याने कमी रकमेचा चेक पाठवला आणि पत्रात लिहिलं "पूर्ण हिशोबापोटी". बँकेत टाकू का?

टाकायच्या आधी थांबा. 2006 ची सुप्रीम कोर्टाची भगवतीप्रसाद पवनकुमार केस आहे, रेल्वेविरुद्धची. माल हरवल्याचा क्लेम होता, रेल्वेने कमी रकमेचे चेक पाठवले आणि पत्रात स्पष्ट लिहिलं की हे मान्य नसेल तर चेक लगेच परत पाठवा, नाहीतर पूर्ण समाधानाने स्वीकारलं असं समजू. पार्टीने चेक वटवले आणि नंतर उरलेल्यासाठी भांडायला गेली. कोर्ट म्हणालं, चेक वटवलात म्हणजे प्रस्ताव स्वीकारलात. वटवल्यानंतर केलेल्या निषेधाला किंमत नाही. वटवायच्या आधी "हे पैसे फक्त अर्धवट वसुली म्हणून घेतोय" असं कळवलेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी ईमेल आणि रजिस्टर एडी, की ही रक्कम ऑन अकाउंट घेतली जाईल, पूर्ण हिशोब म्हणून नाही, हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा. मग काही दिवस जाऊ द्या. मग चेक. आणि पत्रात "नाहीतर चेक परत करा" इतकं कडक लिहिलं असेल तर माझं मत, चेक परतच करा, किंवा खिशात ठेवून आधी लेखी उत्तर मिळवा. पैसे थेट खात्यात एनईएफटीने आले तर तुम्ही काही "स्वीकारलं" नाही, तरी गप्प बसू नका, त्याच दिवशी ईमेल करा.

"नो ड्यूज" वर सही केल्याशिवाय बिलच पास करत नव्हते, म्हणून केली. ती सही मोडता येते का?

येते, पण नुसतं "मजबुरी होती" म्हणून नाही. सरकारी कॉन्ट्रॅक्टर आणि इन्शुरन्स क्लेमवाल्यांचा हा कायमचा प्रश्न. बोघारा पॉलीफॅब केसमधे (2009 चा रिपोर्ट) सुप्रीम कोर्टाने मानलं की डिस्चार्ज व्हाउचर छापील नमुन्यात पैसे द्यायच्या आधीच सही करून मागितलं, आणि सही नाही तर कबूल केलेले पैसेही अडकवले, तर ती सही मोकळ्या मनाची म्हणता येणार नाही आणि वाद लवादाकडे जाऊ शकतो. पण 2015 च्या रिपोर्टमधल्या जीनस पॉवर केसमधे त्याच कोर्टाने सांगितलं की जबरदस्ती झाली असं नुसतं म्हणून भागत नाही, काहीतरी दाखवा. तिथे कंपनीने सही केली, पैसे घेतले, आणि तीन आठवडे उलटून गेल्यावर दबाव होता असं कळवलं. चाललं नाही.

दाखवायचं म्हणजे काय? सहीच्या आधीचे तुमचे ईमेल की एवढी रक्कम मान्य नाही. त्यांचं उत्तर की सही नसेल तर काहीच सुटणार नाही. त्या आठवड्यातली बँकेची नोटीस, पगार थकल्याचे कागद. आणि सही केल्यावर एक-दोन दिवसांत गेलेलं निषेधाचं पत्र. हे नसेल तर आशा कमी ठेवा.

रिसिशन म्हणजे नुसता करार रद्द करणं ना? मी एकटा करू शकतो?

दोघं मिळून केव्हाही, काही काम झालेलं असो नसो. त्यात एकच लिहायचं विसरू नका, आधीच मिळालेले पैसे आणि झालेलं काम ह्याचं काय. ते लिहिलं नाही तर रद्द केल्यावर नवीन भांडण सुरू.

एकट्याने करायचं तर कारण लागतं. फसवणूक, दबाव, खोटी माहिती ह्यातून संमती घेतली असेल, किंवा समोरच्याने काम करायला साफ नकारच दिला असेल. मग तुम्ही रद्द करू शकता आणि नुकसानभरपाईही मागू शकता. फक्त दोन गोष्टी: रद्द केल्याचं समोरच्याला कळवावं लागतं (कलम 66), मनातल्या मनात रद्द होत नाही, आणि करारातून तुम्हाला जे मिळालं ते परत करावं लागतं (कलम 64).

आणि उशीर केलात तर हक्क जातो. समजा तुम्ही जुनं सीएनसी मशीन घेतलं, विकणारा म्हणाला 6000 तास चाललंय, सर्व्हिस इंजिनीअरने कंट्रोलर उघडून सांगितलं की 19000. त्या दिवशी मशीन बंद करून लेखी कळवलंत की मी करार रद्द करतोय, मशीन घेऊन जा, पैसे परत द्या, तर तुमची बाजू भक्कम. पण ऑर्डर होती म्हणून अजून तीन महिने चालवलं, मधे स्पिंडल बदललं, मग नोटीस दिली, तर समोरचा म्हणणार की कळूनसुद्धा तुम्ही व्यवहार कायम केलात. मग रिसिशन विसरून फक्त किमतीतला फरक भरपाई म्हणून मागावा लागतो. मशीन तोवर तिसऱ्याला विकलं असेल, त्याला काही माहीत नसेल, तर रद्द करणं संपलंच.

फ्लॅटचं रजिस्टर ॲग्रीमेंट कॅन्सल करायचंय. स्टॅम्प ड्युटी परत मिळते का?

दोघांच्या सह्यांचं कॅन्सलेशन डीड करून ते रजिस्टर करावं लागतं. ताबा घेतलेला नसेल आणि मूळ ॲग्रीमेंटला पाच वर्षं झालेली नसतील तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीच्या रिफंडसाठी अर्ज करता येतो, कॅन्सलेशन डीड रजिस्टर झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ही मुदत आधी दोन वर्षं होती, एप्रिल 2018 मधे कमी केली, त्यामुळे जुन्या माहितीवर बसू नका. रजिस्ट्रेशन फी मात्र गेली ती गेली.

डीडवर सही करताना पैसे आधी खात्यात, मग सही. निदान पे ऑर्डर टेबलावर. पुढच्या तारखांचे चेक घेऊन कॅन्सलेशन डीड रजिस्टर करून दिलं तर फ्लॅटवरचा हक्क आज गेला आणि पैसे कधी येतील ते बिल्डरच्या मर्जीवर. त्या दिवसानंतर तो तोच फ्लॅट दुसऱ्याला विकू शकतो, मग वरच्या लता कन्स्ट्रक्शनचा आधारही राहत नाही.

मी फक्त जामीन राहिलो होतो. त्यांनी आपसात करार बदलला, मी अजून अडकलोय का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक कोणाचे तरी मेहुणे असतात. तुम्हाला न विचारता मूळ करारात बदल केला तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही सुटता (कलम 133). मूळ कर्जदारालाच सोडलं, किंवा नोव्हेशनने जुनं कर्ज संपवलं, तर तुम्हीही सुटता. तुम्हाला न विचारता घेणेकऱ्याने त्याच्याशी तडजोड केली किंवा मुदत द्यायचा करार केला तरी सुटता (कलम 135).

पण आता उठून बँकेत भांडायला जाऊ नका, आधी गॅरेंटी डीड वाचा. बँकांच्या छापील डीडमधे जवळजवळ नेहमीच एक कलम असतं की कर्जाच्या अटी बदलल्या, मुदत वाढवली, तडजोड केली तरी जामीनदाराची हीच संमती समजावी. कोर्ट अशी आगाऊ संमती मानतात. पतसंस्थेच्या जुन्या फॉर्ममधे, किंवा घरगुती उसनवारीच्या कागदात हे कलम नसतं आणि तिथे कलम 133, 135 खरोखर कामाला येतं.

मूळ करारात लवादाचं कलम होतं, तडजोडीच्या कागदात नाही. वाद कुठे न्यायचा?

जुना करार पूर्ण बदलून नवा आला असेल तर लवादाचं कलमही जुन्याबरोबर गेलं, किशोरीलाल गुप्ता केस ह्याच मुद्द्यावर होती. मात्र तडजोड खरंच झाली का, दबावाखाली झाली का, हाच वाद असेल तर तो लवादापुढे जाऊ शकतो. त्रास नको असेल तर तडजोडीत एक ओळ टाका की ह्या कागदाबद्दलचे वादही मूळ करारातल्या लवादाच्या कलमानेच सुटतील.

तडजोडीच्या कागदात कमीत कमी काय असायला हवं?

मूळ कराराची तारीख आणि बाकीचा आकडा, दोघांनी मान्य केलेला. तडजोडीची रक्कम आणि तारखा. जुना करार आज संपतो की शेवटचा पैसा वठल्यावर, हे एका सरळ वाक्यात, "फुल अँड फायनल" एवढंच खरडून नाही. हप्ता चुकला तर काय, म्हणजे किती दिवसांची सवलत आणि मग कुठली रक्कम, कुठल्या दराने व्याज. जामीनदार असेल तर त्याची सही त्याच कागदावर. कंपनी असेल तर सही करणाऱ्याकडे अधिकार आहे ह्याचा ठराव मागा, कारण नंतर "आमच्या अकाउंटंटने परस्पर केलं" हे वाक्य फार ऐकू येतं. आणि तारण, मूळ चेक, कागदपत्रं परत कधी द्यायची तेही टाका, जुने कोरे चेक समोरच्याकडे राहिले तर मिटलेला हिशोब त्यांच्या जोरावर परत उकरला जातो.